अनुक्रमे : बेरीज जुळली तरी जोड्या तपासा

> ‘करारातल्या वाटणीच्या कलमात तीन भागीदार आहेत, टक्क्यांची बेरीज 100 येते. मग अनुक्रमे बरोबर आहे असं धरायचं ना?’

नाही, बेरजेवर विसंबू नका. आकड्यांची अदलाबदल झाली तरी बेरीज 100 च राहते.

समजा नफ्याच्या कलमात लिहिलंय, ‘अ, ब आणि क यांना अनुक्रमे 40, 35 व 25 टक्के’. पुढे तोट्याच्या कलमात कुणीतरी नावं ‘ब, अ आणि क’ अशी लावली आणि आकडे वरूनच उचलले. आता तोट्यात 40 टक्के ब च्या माथी बसले. दोन्ही कलमं सुटी वाचली तर निर्दोष वाटतात, आणि नेमका हाच धोका आहे.

म्हणून पडताळणी कलमाबाहेरच्या आकड्यांवरून करावी. परिशिष्टात 2000 शेअरपैकी अ चे 800, ब चे 700, क चे 500 असतील आणि वाटा शेअरच्या प्रमाणात ठरला असेल, तर प्रत्येक नावासमोर भागाकार करून बघा: 800 भागिले 2000 म्हणजे 40 टक्के, ते अ चेच. तोट्याच्या कलमात ब समोर 40 दिसले की चूक तिथेच सापडते.

नावं आणि आकडे मोजायलाही विसरू नका. ‘अ व ब संयुक्तपणे, आणि क यांना अनुक्रमे 75 व 25 टक्के’ यात नावं तीन, आकडे दोन. पण संयुक्त जोडी एकच पक्ष धरली तर हिशेब बसतो. ‘संयुक्तपणे’ गळलं की 25 टक्के ब चे की क चे, यावर वाद उभा राहतो.

मी तरी तीन पक्ष झाले की ‘अनुक्रमे’ काढून ‘अ ला 40 टक्के, ब ला 35 टक्के, क ला 25 टक्के’ असंच लिहिते.