सोसायटीच्या नोटिशीचा मसुदा तपासताना

> "सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस एआयकडून लिहून घेतली. दादरच्या आमच्या कमिटीने त्यात काय तपासावं?"

आधी मुदत बघा. मसुद्यात 21 दिवस आले असतील, तर तो कंपनी कायद्यातला आकडा आहे. गृहनिर्माण सोसायटीच्या आदर्श उपविधींत पूर्ण 14 दिवस आहेत. नोटिशीचा आणि सभेचा दिवस त्यात धरत नाहीत. म्हणजे सभा 28 सप्टेंबरला असेल, तर नोटीस उशिरात उशिरा 13 तारखेला निघायला हवी. एआय अशी सरमिसळ अगदी ठामपणे करतं, म्हणून प्रत्येक आकडा छापील उपविधींशी ताडून पाहा. "सर्व सन्माननीय सदस्यांच्या सर्वांगीण हितासाठी" छापाची वाक्यं सरळ काढा. त्यांच्या गर्दीत दुरुस्तीखर्चाचा विषय हरवतो. तिथे काम आणि रक्कम स्पष्ट लिहा. रक्कम मात्र कोटेशन समोर ठेवून स्वतःच भरा.