पेट्रोल की इलेक्ट्रिक स्कूटर: आठ वर्षांचा हिशोब, बॅटरीसकट

वारजेकर
वारजे ते हिंजवडी, जाऊन-येऊन रोज ३० किमी, महिन्याला २५ दिवस. पेट्रोल स्कूटर ऑन-रोड ९५ हजारांना मिळतेय, ३ युनिटांच्या बॅटरीची इलेक्ट्रिक १ लाख ३५ हजारांना. आठ वर्षं वापरायची आहे. मधे बॅटरी बदलावी लागली तरी इलेक्ट्रिक परवडेल का? शोरूमवाला ‘किलोमीटरला २५ पैसे’ म्हणतो, तो आकडा धरायचा का?

तारमार्ग
२५ पैसे खोटे नाहीत, पण ते तुमचे नाहीत. पहिल्या शंभर युनिटांचा दर लावला की तो आकडा येतो. तुमच्या घरचे पंखे, फ्रिज, गिझर ते शंभर युनिट आधीच खाऊन बसलेले असतात. स्कूटरचे युनिट त्यांच्या वर जाऊन बसतात, म्हणून त्यांना तुमच्या बिलातल्या सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर लागतो. महावितरणच्या १०१ ते ३०० च्या टप्प्यात वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून युनिट १३ रुपयांच्या आसपास जातं. तुमचं मागचं बिल काढून शेवटच्या टप्प्याचा दर बघा, तोच खरा.

दुसरं, बॅटरीत गेलेलं युनिट आणि प्लगमधून ओढलेलं युनिट एक नसतं. चार्जर गरम होतो ती वीज तुमच्याच बिलातली. शहरात किलोमीटरला बॅटरीतून साधारण ३० वॉट-तास खर्च होतात, मीटरवर ते ३५ दिसतात. म्हणजे किलोमीटरला ४५ पैसे. पेट्रोल १०४ रुपये आणि गर्दीतलं मायलेज ४५ धरलं तर तिकडे २ रुपये ३१ पैसे.

वर्षाला तुमचे ९,००० किमी होतात. पेट्रोल २०० लिटर, २०,८०० रुपये. वीज ३१५ युनिट, ४,१०० रुपयांच्या आत. आठ वर्षांत फरक १ लाख ३३ हजारांचा. त्यातून किमतीतले ४० हजार गेले, बॅटरीचे ६० हजार गेले, तरी तीसेक हजार उरतात. बॅटरी बदलावी लागलीच नाही तर नव्वद हजारांच्या पुढे. सर्व्हिसिंगमध्ये इलेक्ट्रिक थोडी स्वस्त पडते आणि विकताना तेवढीच मार खाते, म्हणून त्या दोन गोष्टी मी एकमेकींत वळत्या केल्या आहेत.

गिअरऑइल
हे कागदावरचं गणित झालं. स्कूटरमुळे महिन्याचा वापर ३०० युनिटांच्या वर गेला की अख्खं बिल वरच्या दराने येतं, ते कुणी सांगत नाही. आणि बॅटरी आठ वर्षं? पाचव्या वर्षी रेंज अर्ध्यावर येते. पेट्रोल स्कूटर आठ वर्षांनीही कुठल्याही चौकातला मिस्त्री उघडतो आणि पंचवीस-तीस हजारांना ती हातोहात जाते. इलेक्ट्रिकला जुन्या बाजारात विचारतं कोण?

तारमार्ग
विक्रीबद्दल तुमचं म्हणणं मान्य, मी स्वतः आठ वर्षांच्या इलेक्ट्रिकला दहा हजारांवर धरत नाही. पण बिलाचं तसं नाही. घरगुती दर टप्प्याटप्प्याने लागतो. घरात २८० युनिट जळतात आणि स्कूटरने २६ घेतले तर ३०६ होतील, त्यातल्या फक्त सहा युनिटांना ३०० च्या वरचा दर. बाकीचे तीनशे होते तिथेच राहतात.

बॅटरीचं आयुष्य वर्षांपेक्षा पूर्ण चार्जच्या फेऱ्यांवर मोजा. एका फेरीत ९० किमी धरले तर आठ वर्षांचे ७२,००० किमी म्हणजे ८०० फेऱ्या. निकेल-मँगनीज-कोबाल्टची बॅटरी साधारण तेवढ्यात ८० टक्क्यांवर येते, लोह-फॉस्फेटची त्याच्या दुप्पट टिकते. घ्यायच्या आधी आत कुठली आहे ते विचारा, ब्रोशरमध्ये लहान अक्षरांत असतं.

आता मुख्य गोष्ट. रोजचे ३० किमीच आहेत. बॅटरी ७० टक्क्यांवर आली तरी ६० किमी देते, म्हणजे तुमची फेरी होऊन निम्मी उरते. नुसती जुनी झाली म्हणून तुम्हाला ती बदलावीच लागणार नाही. ज्याला रोज ७० किमी जायचंय त्याला लागेल. तुमचा धोका म्हातारपणाचा नाही, अचानक बिघडण्याचा आहे.

नाक्यावरचा
माझ्याकडे बिनलायसन्सवाली आहे, ताशी २५ किमीची. दीड वर्षात चारही बॅटऱ्या बसल्या. इलेक्ट्रिकच्या नादी लागू नका.

ब्रेकशू
तुमच्या गाडीत शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या आहेत. त्या दीड-दोन वर्षांत जाणारच, उन्हात आणि अर्धवट चार्जवर उभ्या ठेवल्या तर आणखी लवकर. वारजेकर विचारतायत ती नोंदणीची, लिथियम बॅटरीची गाडी. दोघींचा हिशोब एकत्र करू नका.

सर्व्हिसिंगचं मी लिहिते. ११० सीसीच्या गाडीला दर तीन हजार किमीला पाऊण-एक लिटर इंजिन ऑइल, मग एअर फिल्टर, प्लग आणि वीस-पंचवीस हजारांवर बेल्ट, रोलर, क्लच शू. नऊ हजार किमी चालणाऱ्या गाडीला सरासरी वर्षाला साडेतीन हजार धरा. इलेक्ट्रिकला यातलं बहुतेक नाही, पण शून्य खर्च म्हणून विकतात तेही चूक. मागचा टायर लवकर घासतो, कारण सिग्नल सुटल्यावर पूर्ण जोर एकदम मिळतो. बेल्टवर चालणारं मॉडेल असेल तर बेल्ट आहेच. ब्रेक पॅड मात्र जास्त टिकतात, कारण गाडी हळू करायचं बरंच काम मोटर करते. पण पावसाळ्यात तेच पॅड कमी वापरामुळे अडकतात आणि डिस्क गंजते. दर पावसाळ्यानंतर कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस लावून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. ॲपची वार्षिक वर्गणी धरून दोन हजार म्हणा.

वॉरंटी संपल्यावर खरी भीती बॅटरीपेक्षा चार्जर आणि कंट्रोलरची. बॅटरीचं सगळे विचारतात, या दोघांची मुदत कुणी विचारत नाही. बऱ्याचदा ती तीनच वर्षांची असते, आणि चार्जर बाहेरून घ्यायला गेलात तर दहा हजारांच्या पुढे जातो.

मांडवीकाठ
मी पणजीला. घर ते दुकान, दिवसाला आठ किमी. इकडे वीज तुमच्यापेक्षा स्वस्त. मग मला तर अजून फायदा ना?

तारमार्ग
उलटं आहे. तुमचे वर्षाला २,४०० किमी होतात. पुण्याच्याच दराने वाचतील साडेचार हजार, आठ वर्षांत ३६ हजारांच्या आत. किमतीतले ४० हजारसुद्धा भरून निघत नाहीत, बॅटरी तर लांबच. गोव्यात पेट्रोलही महाराष्ट्रापेक्षा स्वस्त, त्यामुळे बचत आणखी घटते. वीज फुकट दिली तरी तुमचे वर्षाला हजार-अकराशेच वाढतील. आणि बॅटरी कमी चालवली म्हणून म्हातारी व्हायची थांबत नाही, उष्णतेत पूर्ण भरून उभी ठेवली की नुसती उभ्यानेच झिजते. तुम्ही पेट्रोल घ्या, किंवा किमतीतला फरक वीस हजारांच्या आत येईल असं लहान बॅटरीचं मॉडेल बघा.

माझ्या हिशोबाने बॅटरी बदलायची धरली तर रोज बावीस-तेवीस किमीच्या पुढे इलेक्ट्रिक, न धरली तर नऊ किमीच्या पुढे. मधल्या पट्ट्यातल्या माणसाला छातीठोक सांगता येत नाही.

गिअरऑइल
बिलाचं मी चुकीचं धरलं होतं, बरोबर आहे तुमचं. पण बॅटरीचे ६० हजार आठ वर्षांनंतरही तेवढेच राहतील हे कशावरून? आणि त्या मॉडेलची बॅटरी तेव्हा मिळेल का? कंपनीच बंद पडली तर? पेट्रोल स्कूटरचा पिस्टन वीस वर्षांनीही मिळतो. वर बॅटरीवर १८ टक्के जीएसटी, गाडीवर ५ आणि तिच्या सुट्या बॅटरीवर १८.

तारमार्ग
सेल स्वस्त होत आलेत, म्हणून मी आजचाच भाव धरला. पण मिळेल की नाही याला माझ्याकडे उत्तर नाही. प्रत्येक कंपनीचा बॅटरीचा डबा, कनेक्टर आणि आतलं सॉफ्टवेअर वेगळं, एकीची दुसरीला बसत नाही. तिथे तुमची शंका रास्त आहे.

म्हणूनच वॉरंटीवर जोर. काही कंपन्या आठ वर्षं किंवा ८०,००० किमी देतात, कुठे आधीच तर कुठे जास्तीचे पैसे भरून. वारजेकरांचे ७२,००० होतात, म्हणजे आत बसतात. पण कार्ड पूर्ण वाचा. ‘७० टक्क्यांखाली गेल्यास’ असं असेल तर ७१ वर काही मिळत नाही.

बिघाड आधी कळतो. सगळीकडून सारखी रेंज कमी होत गेली तर ते वय. पण २५ टक्के दाखवत असताना एकदम ८ वर आली, किंवा चढावर १५ टक्क्यांना गाडी बंद पडली, तर सेलचा एखादा गट कमजोर झालाय. तो गट आधी रिकामा होतो आणि बॅटरीची नियंत्रण यंत्रणा त्याला वाचवायला सगळीच बंद करते. आधी एकदा पूर्ण १०० पर्यंत भरून दोन-तीन तास प्लगला तशीच ठेवा, सेल सारखे करायचं काम बहुधा वरच्या टोकालाच होतं. तरी तसंच झालं तर स्क्रीनचा फोटो काढून, तारीख घालून वॉरंटीत लेखी तक्रार द्या. तोंडी सांगितलं की ‘नॉर्मल आहे’ म्हणून परत पाठवतात.

वारजेकर
एक राहिलं. पार्किंग तळघरात आहे, मीटर रूमपासून ४० मीटर. वायरमन ४ चौरस मिमीची केबल सांगतोय, खर्च दुप्पट होतोय.

ब्रेकशू
तुमचा चार्जर किती वॉटचा?

वारजेकर
७५०.

ब्रेकशू
मग सव्वातीन अँपिअर झाले. २.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या तीन तारांच्या केबलमध्ये ४० मीटरला जेमतेम २ व्होल्ट पडतात. ४ ची गरज नाही. ते पैसे वीजगळती होताच पुरवठा तोडणाऱ्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीत आणि चांगल्या १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये घाला. चार्जिंगची आग बहुतेक वेळा ढिल्या सॉकेटमधून सुरू होते. पहिल्या आठवड्यात तासभर चार्ज झाल्यावर प्लग काढून पिना हाताला लावून बघा. कोमट चालतील, चटका बसला तर सॉकेट बदला. आणि केबल तुमच्याच घरच्या मीटरवरून ओढा, सोसायटीच्या सामाईक मीटरवरून घेतलीत तर दर महिन्याला युनिटांवरून वाद होतील.

गिअरऑइल
या केबलचे आठ-दहा हजार तारमार्गांच्या तीस हजारांतून वजा करा.

तारमार्ग
करा. वीस राहिले.