इन्व्हर्टरवर ११०० व्हीए लिहिले आहे, तर घरातला नेमका किती लोड त्यावर टाकावा?

सुदामानगर_इंदूर:
नमस्कार. आमच्याकडे साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-अवरची एक ट्युब्युलर बॅटरी आहे, जिला आता चार वर्षे झाली. इन्व्हर्टरच्या मागच्या पट्टीवर ११०० व्हीए हा आकडा मोठ्या अक्षरांत आणि त्याखाली ८५० वॅट हा बारीक अक्षरांत छापलेला आहे. घेताना दुकानदाराने "अकराशे वॅटपर्यंत काहीही चालवा" असे सांगितले होते. त्यावर ७५ वॅटचे ४ पंखे, ९ वॅटचे ६ एलईडी दिवे, ९० वॅटचा टीव्ही, १० वॅटचा राउटर आणि चालू असताना सुमारे १३० वॅट घेणारा जुना फ्रिज आहे. बेरीज ५८४ वॅट होते. मात्र इलेक्ट्रिशियनने सगळे चालू ठेवून क्लॅम्प मीटर लावला तेव्हा ३.२ अँपिअर दिसले आणि २३० व्होल्टने गुणून त्यांनी "तुमचा लोड ७३६ वॅट आहे" असे सांगितले. यातले खरे काय? शिवाय लाइट गेल्यावर फ्रिज सुरू होताना इन्व्हर्टर कधी ट्रिप होतो, कधी होत नाही. नर्मदेचे पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येते, म्हणून अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटरही यावर घ्यावी असा विचार होता. ते सुरक्षित ठरेल का?

महारानीरोड_वायरिंग:
व्हीएला ०.८ ने गुणले की वॅट मिळतात, त्यामुळे तुमचा इन्व्हर्टर ८८० वॅटचा आहे. लोड ५८४ किंवा ७३६, काहीही धरला तरी त्याच्या आतच राहतो. मला तर दोष इन्व्हर्टरमध्येच दिसतो, तो दुरुस्तीला द्या.

लोकमान्यनगरच्या_काकू:
आमचाही अगदी असाच इन्व्हर्टर आहे. पूर्वी तो चार तास चालायचा, आता दीड तासात बंद पडतो. जास्त व्हीएचा घेतला तर वेळ वाढेल का?

निवृत्त_उपकेंद्र:
काकू, वेळ वाढणार नाही. किती तास चालेल हे बॅटरीवर अवलंबून असते, आणि एका वेळी किती ओझे उचलेल हे इन्व्हर्टरवर. त्यातही बॅटरीवरचे १५० अँपिअर-अवर हे वीस तासांत सावकाश वापरल्यावर मिळणारे माप आहे. सुमारे ५८० वॅटचा लोड टाकला तर चांगली बॅटरीसुद्धा दोन तासांच्या आसपासच टिकते. तुमच्या बॅटरीचे पाणी आणि वय आधी तपासून घ्या.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. तुमची बेरीज बरोबर आहे आणि इलेक्ट्रिशियनचे मीटरही बरोबर आहे. फक्त त्यांनी आलेल्या आकड्याला चुकीचे नाव दिले. क्लॅम्प मीटर तारेतून जाणारा प्रवाह दाखवतो, पण त्यातला किती प्रवाह प्रत्यक्ष काम करतो हे त्याला कळत नाही. म्हणून ३.२ गुणिले २३० हे ७३६ व्हीए झाले, वॅट नव्हेत. जुन्या फ्रिजचा काँप्रेसर १३० वॅटचे काम करतो तेव्हा तारेतून जवळपास २०० व्हीए इतका प्रवाह ओढतो, आणि स्वस्त एलईडी दिव्यांचेही तसेच असते. त्यांचे ५४ वॅट बहुधा १०० व्हीएच्या घरात जातात. पंख्यांमध्ये हा फरक अगदी थोडा असतो. तुमच्या ५८४ आणि ७३६ मधले अंतर मुख्यतः फ्रिज आणि दिवे यांचे आहे.

पट्टीवरचे दोन आकडे म्हणजे दोन वेगळ्या मर्यादा आहेत आणि दोन्ही एकाच वेळी पाळाव्या लागतात. ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांतून किती प्रवाह गेला तर ती जास्त तापणार नाहीत, हे व्हीए सांगते. बॅटरीतून खरी ऊर्जा किती वेगाने खेचता येईल, हे वॅट सांगतात. हजार वॅटची इस्त्री लावून पाहिलीत तर हे चटकन लक्षात येईल: तिचे व्हीएसुद्धा हजारच असतात, म्हणजे ११०० च्या आत, तरीही ८५० वॅटची मर्यादा ओलांडल्यामुळे ओव्हरलोडचा दिवा लागेल. ०.८ हा काही नियम नाही. तो उत्पादकाने ठरवलेला आकडा असतो आणि बाजारात ०.७ चे इन्व्हर्टरही आहेत. पट्टीवर वॅट छापलेच नसतील तर मी ०.७ धरून चालतो.

महारानीरोड_वायरिंग:
मान्य आहे, पण मग ट्रिप का होतो? त्यांचे दोन्ही आकडे मर्यादेच्या आत आहेत.

निवृत्त_उपकेंद्र:
कारण हे दोन्ही आकडे सगळे सुरळीत चालू असतानाचे आहेत. जुन्या पद्धतीचा काँप्रेसर सुरू होण्याच्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढतो. फ्रिजचे २०० व्हीए त्या क्षणापुरते हजार-बाराशे होतात, आणि त्यात बाकीचे सुमारे ५३५ मिळवले की बेरीज ११०० च्या बरीच वर जाते. चांगला इन्व्हर्टर हा धक्का क्षणभर सहन करतो, पण त्या वेळी बॅटरीतून शंभराहून अधिक अँपिअर निघतात आणि चार वर्षांच्या बॅटरीचा व्होल्ट तिथेच कोसळू शकतो. लाइट गेल्यावर काँप्रेसर क्षणभर थांबून लगेच सुरू होऊ पाहत असेल, तर आतल्या गॅसचा दाब उतरलेला नसतो आणि धक्का आणखी मोठा बसतो. कधी ट्रिप होतो आणि कधी होत नाही, याचे कारण मला यातच दिसते.

इन्व्हर्टर दुरुस्तीला देण्यापूर्वी एक तपासणी करा. मेन बंद करून, घरातला लोड चालू ठेवून, बॅटरीच्या टोकांना मल्टिमीटर लावा आणि फ्रिज सुरू होताना आकडा पाहा. तो साडेदहा व्होल्टच्या खाली जात असेल तर दोष बॅटरीत किंवा तिच्या जोडण्यांत आहे. टोकांवर पांढरा क्षार साचला असेल तर आधी तो साफ करून तारा घट्ट करा आणि पुन्हा मोजा. आकडा बाराच्या आसपास टिकूनही ओव्हरलोडचा दिवा लागत असेल, तर इन्व्हर्टरला तो धक्का पेलत नाही.

मोटर मात्र यावर अजिबात घेऊ नका. अर्धा हॉर्सपॉवर म्हणजे ३७३ वॅट हे तिच्या दांड्यावर मिळणारे काम आहे; तारेतून ती साडेपाचशे ते सहाशे वॅट घेते. तुमच्या ५८४ मध्ये ते मिळवले की सुरुवातीचा धक्का न मोजताही ८५० ची मर्यादा मोडते. सतत चालणारा लोड मी वॅटच्या आकड्याच्या सत्तर टक्क्यांवर, म्हणजे तुमच्या बाबतीत सहाशेच्या आत ठेवतो. तुम्ही आत्ताच त्या काठावर आहात.

स्नेहलतागंज_४:
आम्ही फ्रिज इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढून थेट मेनवर घेतला. दार उघडले नाही तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो आणि आमच्याकडे लाइट त्याआधी येते. पण माझ्या सासूबाईंची इन्सुलिन त्यात असते, त्यामुळे लांबच्या कपातीत काय करावे हा प्रश्न राहतोच.

सुदामानगर_इंदूर:
सर्वांचे आभार. काल संध्याकाळी मोजले. टोके साफ करण्यापूर्वी फ्रिज सुरू होताना आकडा ९.८ वर आला आणि इन्व्हर्टर ट्रिप झाला. साफ करून तारा घट्ट केल्यावर तो १०.९ वर थांबला आणि ट्रिप झाला नाही, पण हे एकदाच पाहिले आहे. मोटरचा विचार सोडला आहे. १०.९ वर बॅटरी अजून एक उन्हाळा काढेल का, की आत्ताच बदलावी?

निवृत्त_उपकेंद्र:
एका आकड्यावरून सांगता येणार नाही. हायड्रोमीटरने सहाही खणांची घनता मोजा. पूर्ण चार्जनंतर एखादा खण बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर बदला. सगळे सारखे असतील तर फ्रिज मेनवर घेऊन हा उन्हाळा काढता येईल असे मला वाटते.

महारानीरोड_वायरिंग:
मी अजूनही १०.९ ला काठावरच म्हणेन. मी असतो तर बदलली असती.