मदत हवी आहे: दुकानातल्या टीव्हीवर पेनड्राइव्हचा व्हिडिओ सलग फिरत नाही

चप्पललाईनवाला: शिवाजी रोडला आमचं कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे. शोकेसमधल्या टीव्हीवर पेनड्राइव्हवरून व्हिडिओ लावलाय. दर वेळी संपला की काळा पडदा येतो, वर फाइलचं नाव झळकतं. गिऱ्हाईक विचारतंय टीव्ही बिघडला का. लवकर सांगा, परवा सण.

रंकाळा_कट्टा: मॉडेल कुठलं? व्हिडिओ किती सेकंदांचा? रिपीट चालू आहे का?

चप्पललाईनवाला: रिपीट असल्याशिवाय फिरंल का भावा? 40 सेकंदांचा आहे, 40 एमबी, 1080. भाच्यानं मोबाइलवर केलाय.

मंडप_मास्तर: आमच्या कार्यालयात प्रोजेक्टरला लॅपटॉपच जोडतो. पेनड्राइव्हच्या नादाला लागूच नये.

सौ_कात्रीवाली: व्हिडिओ 4केमध्ये परत काढा, फाटणार नाही.

रंकाळा_कट्टा: ताई, फाटण्याची तक्रारच नाही. टीव्ही दर फेरीला फाइल बंद करून परत उघडतो, त्यात ते दोन-तीन सेकंद जातात. ते बंद करायचं बटण बहुतेक घरगुती टीव्हींत नसतं. म्हणून फेऱ्या फाइलच्या आतच भरायच्या. लॅपटॉपवर ffmpeg टाका आणि हे चालवा:

```
ffmpeg -stream_loop 89 -i chappal.mp4 -c copy -an tas.mp4
```

89 म्हणजे पहिल्या फेरीनंतर अजून 89. एकूण 90 फेऱ्या, एक तास. काळा पडदा तासातून एकदाच. `-c copy` मुळे व्हिडिओ नव्यानं बनत नाही, नुसता जोडला जातो, त्यामुळे क्वालिटी तीच राहते. `-an` नं आवाज जातो, नाहीतर जोडावर टिक वाजू शकतं. शेवटची फ्रेम पहिलीशी जुळत नसेल तर झटका मात्र दिसणारच, ते भाच्याला सांगा.

चप्पललाईनवाला: लई भारी! पण मी 179 टाकून दोन तासांची केली तर कॉपी होईना. too large for the destination file system म्हणतंय. पेनड्राइव्ह 32 जीबीचा, सगळा रिकामा.

मंडप_मास्तर: पेनड्राइव्ह डुप्लिकेट असणार.

सौ_कात्रीवाली: एनटीएफएसनं फॉरमॅट करा. आमच्याकडं चालतं.

रंकाळा_कट्टा: तुमच्या टीव्हीवर चालत असेल, सगळ्यांवर नाही. ड्राइव्ह फॅट32 आहे, त्यात एक फाइल 4 जीबीच्या पुढं जात नाही. तुमचा हिशोब सेकंदाला 1 एमबी, म्हणजे तासाला 3.6 जीबी. दोन तास हवे असतील तर बिटरेट निम्म्यावर आणून व्हिडिओ परत काढा. नाहीतर एक तासावर समाधान माना.

चप्पललाईनवाला: एक तासाची लावली. सकाळपासून मस्त चाललीय, चामड्याची वेणी एकदम झकास दिसतीय. पण दुपारी टीव्ही आपोआप बंदच झाला. लाईट होती.

सौ_कात्रीवाली: बघा, पेनड्राइव्ह तापला!

रंकाळा_कट्टा: काही तास रिमोटला हात लागला नाही की काही टीव्ही स्वतःच झोपतात. सेटिंगमध्ये ऑटो पॉवर ऑफ शोधा. प्रत्येकात जागा वेगळी असते. मॉडेल कुठलं, ते अजून सांगितलं नाहीत.