आधी-नंतरची स्लाइड: क्रॉप जुळवणं म्हणजे लबाडी का?

प्रश्न
इंटिरिअरची छोटी कामं करते. एका स्वयंपाकघराची आधी-नंतर स्लाइड करतेय. आधीचा फोटो मोबाइलच्या 1x वर काढलेला, नंतरचा जास्त रुंद दिसणाऱ्या 0.5x वर. भागीदार म्हणतो, क्रॉप करून जुळव. मला ती लबाडी वाटते. तुमचं मत?

शेजारचा आगाऊ
लबाडीच. लेन्स बदलली की सगळा पर्स्पेक्टिव्हच बदलतो, कापून काय होणार? दोन्ही फोटो आहेत तसे ठेवा.

फोटोवाला काका
उलट आहे हो. पर्स्पेक्टिव्ह लेन्समुळे नाही, आपण उभे कुठे राहतो त्यानं बदलतो. जागा आणि उंची तीच असेल, तर 0.5x चा मधला भाग कापला की जवळपास 1x चाच फोटो हाती येतो, थोडा कमी स्पष्ट एवढंच. आहे तसा ठेवलात तर ओटा न हलवताही खोली मोठी झालेली दिसते. लबाडी ती.

कामात न बदललेल्या दोन गोष्टी शोधा, एक लांबची, एक जवळची. पॉवरपॉइंटमध्ये नंतरचा फोटो आधीच्यावर ठेवून Transparency 50% करा. कोपऱ्याला धरूनच लहानमोठा करा, बाजूला धरलात तर फोटो ताणला जातो. दोन्ही खुणा जुळल्या की वर एक रिकामा चौकोन काढा, त्याच्या कडांपर्यंत दोन्ही फोटो क्रॉप करा. मग Transparency परत 0% करून शेजारी मांडा.

प्रश्नकर्ती
केलं. मागची खिडकी तंतोतंत बसली, पण दाराजवळचा खांब दोन बोटं सरकलेला दिसतो. खांब जुळवला की खिडकी हलते.

फोटोवाला काका
म्हणजे दुसऱ्या जागेवरून काढलाय. क्रॉपनं हे सुधारणार नाही, परत जावं लागेल. जुना फोटो हातात धरा. त्यात खांबाआड खिडकीचा जेवढा भाग लपलाय तेवढाच लपेपर्यंत डावी-उजवीकडे सरका. उंचीही बघा, तेव्हा खाली बसून काढला असेल तर आताही बसा.

तिसरा मजला
आमच्या ठेकेदारानं गच्चीच्या गळतीचे असेच सुरेख जुळवलेले फोटो दाखवले. ओल आलेला कोपरा बरोबर क्रॉपच्या बाहेर! पैसे दिले, पावसाळ्यात बादली लावली. वॉटरप्रूफिंगला कोणता लेप चांगला?

शेजारचा आगाऊ
हेच म्हणत होतो मी. पर्स्पेक्टिव्हचं चुकलं असेल माझं, पण काय कापायचं ते ठरवतो कोण? विकणाराच ना!

फोटोवाला काका
मान्य. मी स्लाइडच्या खाली दोन्ही अख्खे फोटो बारीक करून लावतो. बघणारे किती बघतात, देव जाणे. लेपाचं वेगळं विचारा.

प्रश्नकर्ती
शनिवारी जाते परत. पण आधीचा फोटो रात्री ट्यूबलाइटमध्ये काढलेला आहे. आता दिवसा काढला तर नुसत्या उजेडानंच टाइल्स नव्या दिसतील ना?

फोटोवाला काका
दिसतील. रात्रीच जा, आणि जुनी ट्यूब असेल तर तीच लावा.

प्रश्नकर्ती
ट्यूब काढून एलईडी लावले, तेही कामातच होतं.

शेजारचा आगाऊ
घ्या! आता काय जुळवणार?