एका पायावर खाली, दोन पायांवर वर

> "दोन महिने साइटवर आहे, जिम नाही. पायांची ताकद कशी वाढवू?"

खुर्ची आहे ना? मग एका पायावर, पाच सेकंद घेत, हळूहळू बसा आणि उठताना दोन्ही पाय वापरा. उचलताना पेलतो त्यापेक्षा जास्त भार स्नायू खाली सोडताना पेलतो, म्हणून ही लबाडी चालते. प्रत्येक पायाने 5 वेळा, 3 फेऱ्या. शेवटी धप्पकन बसताय? खुर्चीवर उशी ठेवा.

फेरीअखेर दोन्ही पायांवर, खुर्चीच्या चार बोटं वर, 20 सेकंद थांबा. श्वास रोखू नका. अशी कमावलेली ताकद मुख्यतः त्याच कोनाजवळ येते, तेव्हा पुढच्या खेपेला जरा वर थांबा.

पहिल्या दिवशी एकच फेरी करा. मी हौसेने तिन्ही केल्या आणि दोन दिवस जिना कठडा धरून उतरलो.