अभंगाचा रेडिओ अंजनेरीपर्यंत हिंदीत का जातो?

सातपूरकर: सकाळी त्र्यंबकला निघताना गाण्यांच्या अ‍ॅपवर एका मराठी अभंगावरून साँग रेडिओ लावतो, म्हणजे पुढची गाणी अ‍ॅपच निवडतं. पहिली चार-पाच गाणी छान लागतात आणि अंजनेरी येईस्तोवर हिंदी भजनं सुरू होतात. मराठीत अभंगांचा एवढा साठा असताना असं का व्हावं? माझं मत स्पष्ट आहे, या अ‍ॅपना मराठी कळतच नाही.

पखवाजी: भाषेचा संबंधच नाही. ताल, लय, आवाजाचा पोत मोजून जवळचं गाणं लावतात. भजनी ठेका हिंदीतही तोच, म्हणून गाडी तिकडे वळते.

नेहा_इंदिरानगर: पखवाजी, हे अर्धंच खरं आहे. पँडोरा या अमेरिकी इंटरनेट रेडिओने २००० साली जो प्रकल्प सुरू केला त्यात जाणकार माणसं एकेक गाणं ऐकून त्याचे शेकडो गुण नोंदवायची. बाकी बहुतेक ठिकाणी मुख्य भार असतो तो कोणती गाणी लोकांच्या एकाच यादीत किंवा एका बैठकीत सोबत येतात यावर. आवाजाचं मोजमाप जास्त उपयोगी पडतं ते नव्या गाण्याला, कारण त्याच्यामागे ऐकणाऱ्यांचा इतिहासच नसतो.

समजण्यासाठी आकडे मनाचे धरते. तुमचा अभंग १००० याद्यांत आहे. एक गाजलेलं हिंदी भजन २ लाख याद्यांत आहे आणि दोन्ही सोबत ४०० याद्यांत. दुसरा एक मराठी अभंग ९०० याद्यांत, सोबत ९० मध्ये. नुसती मोजणी केली तर ४०० विरुद्ध ९०, हिंदी जिंकलं. पण ते भजन तर सगळ्यांच्याच यादीत असतं. म्हणून जोडीच्या संख्येला दोघांच्या यादीसंख्येच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागतात. मग हिंदीला साधारण ०.०२८ मिळतात आणि मराठी अभंगाला ०.०९५.

गोदाकाठ: मग हा भागाकार केला की प्रश्न मिटला. कंपन्या आळस करतात, दुसरं काय?

नेहा_इंदिरानगर: मिटत नाही. आता असं गाणं घ्या जे फक्त २ याद्यांत आहे आणि त्या दोन्हींत तुमचा अभंग आहे. त्याला ०.०४५ मिळतात, म्हणजे हिंदी भजनापेक्षा वरचा नंबर, तोही दोन माणसांच्या लहरीवर. हे टाळायला किमान अमुक याद्या हव्यात अशी अट घालावी लागते. त्या अटीत कमी ऐकलेले मराठी अभंग आधी गळतात.

वैशाली_पंचवटी: आकाशवाणी नाशिकवर सकाळी भक्तिसंगीत लागतं की. तिथे असली भानगड नाही.

सातपूरकर: ताई, तो रेडिओ वेगळा. इथे एक गाणं दिलं की अ‍ॅप पुढची यादी आपोआप बनवतं.

वैशाली_पंचवटी: असं होय. पण मग माझंही तेच दुखणं. पं. भीमसेन जोशींच्या नावाने रेडिओ लावला की अभंग हवा असताना लांबलचक ख्याल येतो.

नेहा_इंदिरानगर: ताई, कलाकाराच्या रेडिओची ही वेगळीच अडचण. त्यांनी ख्यालही गायले आणि अभंगही. सगळ्या गाण्यांची सरासरी काढून एकच बिंदू धरला तर तो दोन्हींच्या अधेमधे पडतो आणि तिथे तिसराच कोणी सापडतो. दोन गठ्ठे वेगळे ठेवले तर तुम्हाला कोणता हवा हे नुसत्या नावावरून कळत नाही. तुम्ही नावाऐवजी अभंगावरूनच सुरुवात करा.

गोदाकाठ: सातपूरकरांचं मला पटत नाही. त्यांना मराठीच हवं असेल तर स्वतः यादी करावी. रेडिओने नवीन काही ऐकवायलाच हवं, नाहीतर तेच ते वीस अभंग फिरत राहतील.

नेहा_इंदिरानगर: नवीन ऐकवणं आणि वाहवत जाणं यात फरक आहे. प्रत्येक पुढचं गाणं मूळ अभंगाशी ताडून निवडलं तर दोर तुटत नाही, पण जवळची गाणी लवकर संपतात. आत्ता वाजलेल्या गाण्यावरून पुढचं निवडलं तर यादी कधीच संपत नाही, मात्र दर पावलाला हिंदीत जायची शक्यता १० टक्के धरली तरी १० गाण्यांनंतर मराठीतच राहण्याची शक्यता जेमतेम ३५ टक्के उरते. परत येणं तर फारच अवघड, कारण हिंदी भजनाचे शेजारी बहुतेक हिंदीच.

पखवाजी: मग भाषेची चाळणी लावा ना सरळ.

नेहा_इंदिरानगर: लावता येते, पण भाषेचा रकाना गाणं पाठवणारी कंपनी भरते. जुन्या संकलनात तो चुकला किंवा रिकामा राहिला की तो अभंगच चाळणीत अडकतो. सातपूरकर, एक करून बघा. तोच अभंग लॉगिन न करता लावा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. तिथेही तसाच वळला तर तुमच्या ऐकण्याचा दोष नाही. फक्त तुमच्याच खात्यावर वळत असेल तर घरातलं दुसरं कोणी त्याच खात्यावर काय ऐकतं ते आधी पाहा.

सातपूरकर: पाहिलं. लॉगिन न करता सातव्या गाण्याला वळला, खात्यावर सहाव्याला. मग कमी ऐकलेल्या अभंगावरून सुरुवात केली, तर तोच अभंग तीन वेगवेगळ्या संकलनांतून तीनदा आला.

नेहा_इंदिरानगर: रेकॉर्डिंग एकच, पण प्रत्येक संकलनात त्याची नोंद वेगळी, म्हणून अ‍ॅपला ती तीन गाणी वाटतात. आवाजाचा ठसा जुळवून ती एकत्र करता येतात.

गोदाकाठ: मी अजूनही म्हणतो, सहाव्या गाण्याला वळणं वाईट नाही.

सातपूरकर: त्र्यंबकच्या वाटेवर वाईटच आहे.